केळ्यांचा घड की लोंगर? समूहदर्शक शब्दांचे जवळचे पर्याय

पाटीपेन्सिल
पाचवीच्या शिष्यवृत्तीसाठी सराव प्रश्नसंच करतेय. समूहदर्शक शब्दांवर मोजके प्रश्न हवेत आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडलीय.

केळ्यांचा ______
१) घोस २) घड ३) लोंगर ४) झुबका

उत्तर म्हणून 'घड' धरलंय. पण मार्गदर्शकं उघडली तर एकात नुसता 'घड', दुसऱ्यात 'घड, लोंगर' असं दोन्ही आणि तिसऱ्यात फक्त 'लोंगर'. तसंच दुसऱ्या प्रश्नाचं:

भाकऱ्यांची ______
१) चळत २) चवड ३) थप्पी ४) उतरंड

पर्याय जवळचे हवेत, नाहीतर मुलं वाचायच्या आधीच गोल रंगवून मोकळी होतात. पण उत्तर एकच निघायला हवं. तुम्ही कशावरून ठरवाल? 'आमच्याकडे असं म्हणतात' एवढंच नको, कारणही सांगा.

शुद्धलेखक
यात अडण्यासारखं काय आहे? घड केळ्यांचा, घोस द्राक्षांचा, झुबका केसांचा. लोंगर हा बोलीतला शब्द, परीक्षेत नको. भाकऱ्यांची चवड आणि नाण्यांची चळत. प्रत्येक वस्तूला एक शब्द नेमलेला आहे, तो पाठ करायचा.

कोकणकडा
लोंगर बोलीतला? मग शाळेच्या याद्यांत तो कसा आला? आमच्याकडे झाडावरून उतरवलेला अख्खा असतो तो लोंगर. नारळाची असते पेंड, सुपारीचं शिपटं. तिन्ही लटकतात, पण कोणी 'नारळाचा लोंगर' म्हटलं तर माडावर चढलेला गडी वरूनच हसेल.

टवाळखोर
हसता हसता पेंड सोडू नये म्हणजे झालं. खाली आम्ही उभे आहोत.

निफाडची_बाग
@शुद्धलेखक, द्राक्षाच्या बागेत 'घोस' म्हणणारा माणूस अजून दिसायचाय. आमच्याकडे सगळा कारभार घडाचाच. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यातून फूट निघते, तिच्यात घड दिसतो. ढगाळ हवा राहिली किंवा मुळांना पाणी जास्त झालं की तोच बारीक घड बाळीसारखा होऊन विरून जातो, त्याला 'घड जिरणे' म्हणतात. पुढे मणी दाटीने बसले की घडाची विरळणी करायची. घोस जिरला, घोसाची विरळणी, असं कोणी म्हणत नाही.

घोस हा शब्द चूक नाही. तो लिहिण्यातला आहे, आणि तसा मोकळाढाकळा आहे. जांभळांचा घोस, कैऱ्यांचा घोस, असा कशालाही लागतो. फक्त बागायतदाराच्या तोंडी येत नाही.

शुद्धलेखक
परीक्षा बागायतदार घेत नाहीत, परिषद घेते. छापील यादीत 'द्राक्षांचा घड, घोस' असं दोन्ही असतं हे मात्र मान्य.

रावेरी_केळं
केळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होतेय.

केळीच्या एका खोडाला आयुष्यात एकदाच फळ येतं. त्या फळांचा जो अख्खा लोंबता भाग, तो घड. मधला जाड दांडा, त्याला वरून खाली चक्राकार बसलेल्या फण्या, आणि प्रत्येक फणीत दोन ओळींत केळी. दांड्याच्या टोकाला केळफूल. ते आम्ही वेळेत मोडतो, शेवटच्या एकदोन बारीक फण्याही काढून टाकतो, म्हणजे वरच्या फण्या भरतात. चांगल्या टिश्यूकल्चर बागेत घड २५ किलोच्या आसपास जातो.

आता गाडीवर तुम्ही डझनाने घेता ती काय असते? फणी, किंवा फणीचा तुकडा. शहरातल्या मुलाने आयुष्यात घड पाहिलेलाच नसतो. निर्यातीच्या मालाचे तर शेतावरच घडापासून फण्या सोडवून, धुऊन, १३ किलोच्या खोक्यात भरतात. घड गावाच्या बाहेर जातच नाही.

म्हणून 'केळ्यांचा' की 'केळ्यांची' हे बघा. चा असेल तर घड किंवा लोंगर. ची असेल तर फणी. घड आणि लोंगर ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत, जळगावात घड, कोकणात लोंगर. दोन्ही पर्यायांत ठेवलेत तर उत्तर एक निघणं शक्य नाही.

पाटीपेन्सिल
हे पटलं. म्हणजे माझ्या प्रश्नातला दोष घोस-झुबक्यात नाही, घड-लोंगर एकत्र ठेवण्यात आहे. लोंगर काढते. त्याच्या जागी जुडी टाकू?

उत्तरसूची
नका टाकू. 'केळ्यांचा' लिहिल्यावर स्त्रीलिंगी पर्याय आपोआप बाद होतो. ज्याला केळं आणि कोथिंबीर यातला फरक कळत नाही तोसुद्धा 'केळ्यांचा जुडी' वाचून काट मारेल. त्या पर्यायाने काहीच तपासलं जात नाही.

समूहदर्शक शब्दांच्या प्रश्नात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. उदाहरण घ्या: 'किल्ल्यांचा ______: मोळी, जुडगा, चळत, गंजी'. यात पुल्लिंगी एकच, जुडगा. किल्ली म्हणजे काय हे माहीत नसलं तरी उत्तर बरोबर. उलटंही होतं, लिंगच जुळत नाही म्हणून बरोबर उत्तर चुकीचं वाटतं: 'बांबूंचा ______' लिहून उत्तर 'बेट' दिलेलं. बेट नपुंसकलिंगी, बांबूंचं बेट. मूल गोंधळणारच.

उपाय दोन. एक तर चारही पर्याय एका लिंगाचे घ्या: किल्ल्यांचा जुडगा, भारा, घड, ताटवा. नाहीतर वाक्यच फिरवा: 'किल्ल्यांच्या समूहाला काय म्हणतात?' यात लिंग लपतं. दुसरा उपाय सोपा, पण वाक्य जरा कोरडं होतं.

टवाळखोर
एक माझ्याकडूनही. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सुप्रभात पाठवणाऱ्या नातेवाइकांचा ______: १) जथा २) तांडा ३) घोळका ४) जमाव. चारही पुल्लिंगी आहेत, तपासून घ्या.

अनंतमूळ
मला एक विचारायचं होतं. समूहवाचक नाम असलं की त्याचं अनेकवचन होत नाही ना? म्हणजे 'पक्ष्यांचा थवा आला' की 'आले'? पक्षी तर पुष्कळ असतात.

उत्तरसूची
@अनंतमूळ, धाग्याचा विषय वेगळा आहे, पण उत्तर छोटं आहे. क्रियापद समूहाच्या शब्दामागे जातं, आतल्या पक्ष्यांमागे नाही. थवा आला. टोळी पकडली. खिल्लार परतलं. आणि अनेकवचन होतं की. दोन थवे, चार जुड्या, दहा मोळ्या. बाजारात जुड्यांचे भाव निघतात ते उगाच नाही.

अनंतमूळ
धन्यवाद. मग 'पोलिसांचा ताफा आले' असं बातमीत लिहितात ते चूकच.

वैरण
आता मुद्द्यावर येतो. @शुद्धलेखक म्हणतात वस्तूला शब्द नेमलेला असतो. तसं नसतं. शब्द वस्तूवरून ठरत नाही, ती वस्तू त्या वेळी कशी धरून ठेवली आहे त्यावरून ठरतो. ज्वारीचं एकच ताट घ्या आणि त्याच्या मागे चालत जा.

शेतात उभं असेल तर पीक. उपटून किंवा कापून आडवं टाकलं, मग दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढं गोळा करून बांधलं की झाली पेंढी, आमच्याकडे पेंडी म्हणतात. पेंढ्या डोक्यावरून न्यायच्या तर बऱ्याच एकत्र बांधून भारा. कणसं अजून आतच आहेत आणि मळणी व्हायची आहे, तोवर पेंढ्या रचून ठेवतात ती सुडी. कणसं मोडून मळणी झाली, दाणे खळ्यात जमले ती रास. उरला तो कडबा, तो पुन्हा रचला की गंजी. कडब्याचा सौदा पेंढ्यांच्या शेकड्यावर होतो, म्हणजे गंजी विकायला काढली की ती परत पेंढ्यांत मोजायची.

पीक तेच, शब्द पाच. 'गवताची ______' असा प्रश्न टाकून पर्यायांत पेंढी आणि गंजी दोन्ही दिलीत तर दोन्ही बरोबर. बांधलेलं असेल तर पेंढी, रचलेलं असेल तर गंजी. प्रश्नात तेवढं सांगावं लागेल: 'पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गवताची ______'. मग पेंढी बाद होते आणि पर्याय तरी जवळचा राहतो.

कोकणकडा
आमच्याकडे भाताला सुडी नाही, उडवी म्हणतात. झोडणीआधी भारे रचून ठेवतात ती. बाकी क्रम तोच.

पाटीपेन्सिल
@वैरण, ही किल्ली कामाची आहे. म्हणजे विचारायचं असं: हे बांधलंय, रचलंय, ओवलंय, की आपल्या देठाला लोंबतंय?

वैरण
हो. मोळी, जुडी, पेंढी, भारा ही बांधलेल्यांची. त्यात पुन्हा आकार. एका मुठीत बसते ती जुडी, डोक्यावर जाते ती मोळी नाहीतर भारा. मोळीत लांब, सरळ, टणक वस्तू लागते, लाकूड किंवा ऊस. गवत मऊ असतं, त्याचा भारा होतो. उसाची मोळी उसाच्याच वाढ्याने बांधतात. पण तेच वाढे तोडून गुरांसाठी बांधले की त्याची पेंढी झाली, मोळी नाही. एकाच उसाचा बुंधा मोळीत आणि शेंडा पेंढीत.

निफाडची_बाग
ओवलेल्यांत 'गाथण' विसरू नका. माशांची गाथण, काजूंची गाथण. यादीत असतं आणि मुलं त्यावर हमखास पडतात, कारण 'माशांचा थवा' लिहून येतात. गाथण म्हणजे दोरीत किंवा काडीत ओवून बाजारात आणलेले मासे. पाण्यातले नव्हेत.

रावेरी_केळं
मग पाण्यात पोहणाऱ्या जिवंत माशांना काय म्हणायचं?

शुद्धलेखक
थवा. तोही एका दिशेने वळतो, पक्ष्यांसारखाच.

कोकणकडा
कानाला बरं नाही वाटत. झुंड म्हणा हवं तर.

निफाडची_बाग
झुंड म्हटलं की अंगावर येणारी वाटते. लांडग्यांची झुंड. बांगडे काय अंगावर येणार? कळप म्हणावं.

टवाळखोर
बांगडे ताटात येतात. तुकडी म्हणा.

उत्तरसूची
यावर एकमत होणार नाही, म्हणून हा प्रश्न पेपरात घालूच नका. शंका असलेला शब्द चुकीचा पर्याय म्हणूनही धोक्याचा असतो. मूल किंवा पालक हरकत घेऊ शकतो आणि त्याचं बरोबर असू शकतं. प्रत्यक्ष परीक्षेतसुद्धा आधी अंतरिम उत्तरसूची येते, हरकती मागवतात, मग अंतिम. समूहदर्शक शब्दांच्या प्रश्नावर हरकत घेणं सोपं असतं, कुठल्याही छापील यादीचं पान जोडलं की झालं.

आठवीच्या पेपरात एक सोय आहे, तिथे काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण. 'घड' आणि 'लोंगर' ही जोडी त्या प्रकारात चपखल बसते. पाचवीला ती सोय नाही.

ऑस्टिनकर
इथल्या आमच्या मराठी शाळेत हेच शिकवायचंय. मुलं 'केळ्यांचा बंच' म्हणतात. गंजी, उतरंड, सुडी यातलं काही त्यांनी पाहिलेलं नाही. पाठ करून घेतलं की आठवड्यात विसरतात. या धाग्यातलं 'कसं धरून ठेवलंय' वापरता येईल का?

पाटीपेन्सिल
@ऑस्टिनकर, चित्रं दाखवा. दुकानातल्या केळ्यांचं चित्र दाखवून 'घड' शिकवू नका मात्र, ती फणी आहे. वर रावेरी_केळं यांनी सांगितलंय तसं दांड्यासकट चित्र हवं.

रावेरी_केळं
आणि चित्रात केळी वरच्या बाजूला वळलेली दिसायला हवीत. घड खाली लोंबतो, पण केळ्यांची टोकं वर वळतात. पुष्कळ पुस्तकांत चित्र उलटं छापलेलं असतं.

आजीचा_डबा
सगळे केळ्यांतच अडकलेत, भाकऱ्यांचं राहिलंच. चळत म्हणजे सारख्या आकाराच्या चपट्या वस्तू एकावर एक, कडा जुळवून. नाण्यांची होते, बश्यांची होते. भाकऱ्या सारख्या मापाच्या थापल्या असतील तर त्यांचीही चळत होते. चवडही होते. दोन्ही म्हणतात आणि दोन्ही छापतात. थप्पी म्हणजे जड पोती. आणि उतरंडीत मापं सारखी नसतातच. सगळ्यात मोठा डेरा खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, टोकाला बोळकं. खालचं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. म्हणून जातींची उतरंड म्हणतात, जातींची चळत म्हणत नाहीत.

शुद्धलेखक
हे शेवटचं चांगलं आहे. पण भाकरीला चवडच, चळत नाही, यावर मी ठाम आहे.

आजीचा_डबा
रहा ठाम. भाकऱ्या गरम असताना चळत लावली की वाफेने खालच्या ओल्या होतात, म्हणून आधी एकएक उभी करून निववतात. तुम्ही चवड म्हटलंत तरी खालच्या ओल्याच होणार.

टवाळखोर
धाग्यातलं आजवरचं सगळ्यात उपयोगी वाक्य.

वैरण
माणसांच्या शब्दांवर कोणी बोललं नाही. तिथे पर्याय आणखी जवळ येतात. 'चोरांची टोळी' पाठ केलेल्या मुलाला वाटतं टोळी म्हणजे वाईट माणसांची. पण ऊसतोड कामगारांचीही टोळीच असते, मुकादमाच्या हाताखाली. त्या टोळीत माणसं कोयत्यांवर मोजतात, एक कोयता म्हणजे साधारण नवरा-बायकोची जोडी. ती टोळी ज्या शेतात शिरते तो उसाचा फड. आणि तमाशाचाही फड, तिथे तो कलावंतांचा समूह. 'फड' पर्याय म्हणून टाकाल तर जपून.

उत्तरसूची
टोळी म्हणजे ठरलेली माणसं, ठरलेलं काम, एक पुढारी. घोळका म्हणजे कामाशिवाय एका जागी जमलेले. जमाव जरा मोठा आणि बहुतेक वेळा कशावरून तरी जमलेला. जथा चालता असतो. 'मुलांचा ______: घोळका, जमाव, जथा, तांडा' असा प्रश्न मी पाहिलाय, उत्तर घोळका. पण मुलांचा जमाव का नाही होणार? वाक्य दिलं असतं तर सुटला असता: 'आइसक्रीमच्या गाडीभोवती मुलांचा ______ जमला'. तरी जमाव पूर्ण बाद होत नाहीच.

निफाडची_बाग
तांडा पण चालता ना? उंटांचा, लमाणांचा.

वैरण
होता. आता बंजारा वस्तीलाच तांडा म्हणतात, घरं पक्की झाली, नाव राहिलं. सरकारी योजनेतही 'तांडा/वस्ती' असं लिहितात. त्यामुळे 'तांडा म्हणजे नेहमी फिरता समूह' असं शिकवलं तर यवतमाळकडचं मूल उठून सांगेल की आमचा तांडा जागचा हलत नाही.

'खिल्लार'चंही तसंच. यादीत 'गुरांचं खिल्लार', म्हणजे समूह. माणदेशात खिल्लार म्हणजे बैलाची जात. तिथे 'एक खिल्लार' म्हटलं तर एकच बैल दारात येतो.

पाटीपेन्सिल
एवढं वाचून प्रश्न असे केलेत. बघून सांगा.

१. झाडावरून दांड्यासह उतरवलेल्या केळ्यांचा ______
घड / भारा / जुडगा / ताटवा

२. मोठ्यावर लहान अशी एकावर एक ठेवलेल्या मडक्यांची ______
उतरंड / चळत / थप्पी / मोळी

३. मळणीनंतर रचून ठेवलेल्या कडब्याची ______
गंजी / पेंढी / रास / जुडी

४. दोरीत ओवलेल्या माशांची ______
गाथण / जुडी / चळत / मोळी

भाकऱ्या काढून टाकल्या. लोंगर आठवीच्या संचासाठी ठेवलाय.

उत्तरसूची
दुसरा उत्तम. तिसऱ्यात 'रास' बरोबर वाटू शकेल का? रास धान्याची, पण ढीग या अर्थाने कोणी कडब्याची रास म्हणेल. 'रास' काढून 'मोळी' घ्या. चौथा ठीक. पहिल्यात 'ताटवा' फार लांबचा झाला, फुलझाडांचा तो. तिथे 'झुबका' परत आणा, तुमच्या मूळ प्रश्नातला पर्याय चांगला होता.

पाटीपेन्सिल
आणला. घोस?

निफाडची_बाग
घोस नको. घोस आणलात तर मीच हरकत घेईन.

कोकणकडा
आणि पहिल्या प्रश्नात चित्र टाकणार असाल तर केळ्यांची टोकं वर.